पंप घर्रघर्र करतो, पण पाणी येत नाही: घरच्या एस्प्रेसो मशीनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये घरी एस्प्रेसो काढणारे आता बरेच झालेत आणि मला येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी याच एका दुखण्याचे असतात. इथली उत्तरं मुख्यतः एक बॉयलर किंवा एक थर्मोब्लॉक असलेल्या, पाण्याची काढता येणारी टाकी असलेल्या घरगुती मशीनसाठी आहेत. दोन बॉयलरवाल्या मशीनचं वेगळं काय, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१. पंपाचा आवाज येतोय, पाणी येत नाही. पंप जळला का?

बहुतेक वेळा नाही. जळलेला पंप आवाजच करत नाही. या मशीनमध्ये आपल्या बोअरसारखी फिरणारी मोटार नसते. एका कॉइलमध्ये स्प्रिंगवर बसवलेला लोखंडी पिस्टन असतो. कॉइलमध्ये वीज गेली की तो मागे ओढला जातो, वीज थांबली की स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. तोच तुम्हाला ऐकू येणारा घर्र आवाज. म्हणजे आवाज येतोय याचा अर्थ कॉइल जिवंत आहे आणि पिस्टनपर्यंत वीज पोचतेय.

मग पाणी कुठं अडलं? तीनच जागा आहेत: टाकी ते पंप, खुद्द पंप, आणि पंप ते कप. पुढचे सगळे प्रश्न यातली जागा शोधण्याचेच आहेत. मशीन उघडायला घेण्याआधी ती शोधायची. ते काम बाहेरूनच, दहा मिनिटांत होतं.

२. सगळ्यात आधी काय बघू?

पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरून मशीनला अडकवायचा दांडा, काढा आणि कॉफीशिवाय पाणी सोडून बघा. कॉफी फार बारीक दळली गेली किंवा बास्केट ठासून भरली, की पंप जोर लावत राहतो आणि कपात थेंब पडत नाही. पोर्टाफिल्टर काढल्यावर धार आली तर मशीन ठीक आहे, दळण जाडसर करा.

एक काळजी घ्या. पंप आत्ताच जोर लावून थांबला असेल तर पोर्टाफिल्टर लगेच फिरवू नका. आत दाब अडकलेला असू शकतो आणि गरम कॉफीचा चोथा अंगावर उडतो. आधी वाफेच्या नळीखाली भांडं धरून नॉब उघडा, दाब जाऊ द्या, दोन मिनिटं थांबा, मग काढा. मनगट भाजलेले दोन जण मी पाहिलेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो.

३. आवाजावरून काही ओळखता येतं का?

हो, कान सरावला की बरंच. पंपात हवा असेल तर आवाज मोठा, कोरडा आणि खडखडणारा येतो, कारण पिस्टनला पाण्याचा अडसरच नसतो. पुढची वाट बंद असेल तर उलट. आवाज दबका आणि जड होतो, दूर ठेवलेल्या फोनच्या व्हायब्रेशनसारखा, आणि मशीनवर हात ठेवला तर कंप जाणवतो. पाणी नीट जात असतं तेव्हा आवाज या दोन्हींच्या मधला, एकसारखा असतो.

मशीन धडधाकट असतानाच फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. बिघाड झाला त्या दिवशी तुलना करायला दुसरं काहीही हाताशी नसतं.

४. "हवा धरली" म्हणजे नेमकं काय? टाकी तर भरलेली आहे.

द्राक्षबागेत विहिरीवर मोटार असलेल्यांना हे एका वाक्यात कळतं. फुटव्हॉल्व गळला आणि पाइपातलं पाणी उतरलं, की मोटार फिरते पण पाणी उचलत नाही. वरून पाणी भरावं लागतं. इथंही तेच, फक्त नळी बोटापेक्षा बारीक.

पिस्टनच्या एका धक्क्यात अगदी थोडं पाणी सरकतं. त्या जागी हवा असली तर ती धक्क्यासरशी दबते आणि पिस्टन मागे गेला की परत फुगते. पंपाच्या तोंडाशी स्प्रिंगवाला एक छोटा व्हॉल्व असतो. तो उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. पुढे बॉयलरमध्ये आधीचा दाब असेल किंवा पोर्टाफिल्टरमध्ये कॉफी ठासलेली असेल तर आणखी अवघड.

हवा शिरते ती तीन प्रसंगांत: शॉट काढताना टाकी रिकामी झाली, मशीन गाडीतून कुठं नेलं, किंवा सुट्टीत महिनाभर बंद राहिलं. त्यामुळे दिवाळीनंतरच्या आठवड्यात मला येणारे प्रश्न जवळजवळ सगळे हवेचेच असतात.

५. हवा काढायची कशी?

टाकी काठोकाठ भरा, काढा आणि पुन्हा दाबून बसवा. पोर्टाफिल्टर काढून ठेवा. वाफेच्या नळीखाली भांडं ठेवून नॉब पूर्ण उघडा. हेच महत्त्वाचं आहे, कारण हवेला बिनविरोध बाहेर पडायला वाट हवी. वाफेचं बटण मात्र चालू नको, मशीन गरम पाण्याच्या किंवा साध्या स्थितीत असू द्या. आता पंप वीस ते तीस सेकंद चालवा आणि मिनिटभर थांबा. असं तीन-चार वेळा. नळीतून आधी फसफस, मग तुटक थुंकल्यासारखं आणि मग सलग धार आली की हवा गेली. धार आल्यावर किमान एक कप पाणी जाऊ द्या, नाहीतर मागे राहिलेला बुडबुडा पुन्हा आडवा येतो.

एवढ्यानं जमलं नाही तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुईशिवाय. टाकी काढली की मशीनच्या बाजूला ती जिथं बसते तिथं एक भोक दिसतं, किंवा टाकीत सोडलेली सिलिकॉनची नळी हाताला येते. सिरिंजच्या टोकाला नळीचा छोटा तुकडा लावून त्यातून साधं पाणी हळूहळू आत ढकला. नॉब उघडाच ठेवा. पाणी आत जायला लागलं की दुसऱ्या माणसाला पंप चालू करायला सांगा. पिस्टनला पाणी लागलं त्या क्षणी आवाज बदलतो, खडखडाट थांबून एकदम जड होतो. सिरिंज रेटूनही पाणी आत जातच नसेल तर हवा हे कारण नाही, पुढं कुठंतरी अडलंय.

६. कोरडा पंप किती वेळ चालवला तर चालतो?

सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. हे पंप सतत चालण्यासाठी बनवलेले नसतात. पंपाच्या लेबलवर किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ते लिहिलेलं असतं, साधारण एक किंवा दोन मिनिटं चालू आणि एक मिनिट बंद. तेही आतून पाणी वाहतंय असं धरून, कारण त्याच पाण्यानं तो थंड होतो. कोरडा पंप लवकर तापतो. बऱ्याच मशीनमध्ये पंपावर तापमानाचा कटआउट बसवलेला असतो. हवा काढता काढता आवाजच बंद झाला तर घाबरू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. बहुतेक वेळा तो पुन्हा सुरू होतो.

७. हवा काढली तरी टाकीतलं पाणी हलत नाही. मग?

टाकी ते पंप ही वाट बघा. टाकी सिंकवर धरा आणि तळाचा स्प्रिंगवाला व्हॉल्व बोटानं वर दाबा. जोरात धार पडायला हवी. ठिबकत असेल तर तिथल्या जाळीवर बुळबुळीत थर किंवा क्षार बसलेत. जुन्या टूथब्रशनं घासलं की काम होतं. नळी टाकीत बुडणारी असेल तर तिच्या टोकाची जाळी काढून बघा. टाकीत पाणी मऊ करायची पुडी टाकत असाल तर ती नळीच्या तोंडाला चिकटलेली नाही ना, हेही पाहा.

नळी मुरगळणं हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं. टाकी मागून सरकवून बसवायची असेल तर सिलिकॉनची नळी घडी पडून चिमटते. टाकी पुढं ओढलेली असताना पाणी येतं आणि नीट बसवली की बंद, असं असेल तर दुसरीकडे शोधू नका.

८. वाफेच्या नळीतून गरम पाणी छान येतं, पण ग्रुपमधून, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथं अडकवतो त्या तोंडातून, काहीच नाही. हे कसं?

ही सगळ्यात उपयोगी खूण आहे. नळीतून पाणी आलं म्हणजे टाकी, पंप, बॉयलर सगळं निर्दोष सुटलं. दोष बॉयलर ते ग्रुपची जाळी एवढ्या बोटभर वाटेत आहे. आधी जाळीचा स्क्रू काढून जाळी धुवा. ती कॉफीच्या तेलानं काळी पडून बुजू शकते. जाळी काढूनही पाणी येत नसेल तर तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व.

त्याचं काम असं: मशीन शांत असताना तो ग्रुपला ट्रेच्या नळीशी जोडून ठेवतो. शॉट सुरू केला की त्याची कॉइल आतली सळई ओढते, बॉयलरकडचं भोक उघडतं आणि ट्रेकडचं बंद होतं. हे भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं आणि क्षाराचा कण अडकायला तेवढं पुरतं.

पाथर्डी फाट्याच्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. त्यांच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी येतं. मशीन दोन वर्षांचं, क्षार कधी काढले नव्हते. एका रविवारी त्यानं सायट्रिक ॲसिडचं कडक द्रावण एकदमच फिरवलं आणि संध्याकाळी फोन आला, "अरे, सकाळपर्यंत चालत होतं, आता नुसतं घुं घुं करतंय." आवाज दबका होता, म्हणजे हवा नव्हे. नॉब उघडला तर नळीतून भरपूर पाणी. शॉटचं बटण दाबताना मशीनला कान लावला, "टक" असा आवाज स्पष्ट आला. म्हणजे कॉइल सळई ओढत होती, भोक बुजलं होतं.

प्लग काढला, मशीन थंड होऊ दिलं, नळीतून दाब सोडला. व्हॉल्ववरची चकती सोडवून कॉइल वर सरकवली, खालचे स्क्रू काढले. सळई हातात आली, तिच्या टोकाच्या रबरात गोल ठसा पडलेला आणि बाजूला पांढरी खर. बसायच्या जागेतल्या भोकात खसखशीच्या दाण्याएवढी एक कपची आडवी बसली होती. सुई वापरली नाही, कारण पितळेवर ओरखडा पडला की व्हॉल्व कायम गळतो. लाकडी टूथपिकनं ती काढली, धातूचे भाग वीस मिनिटं कोमट सायट्रिक ॲसिडमध्ये ठेवले, धुतले. उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढला होता, त्यामुळे स्प्रिंग योग्य दिशेनं बसली. पहिलं अर्धा लिटर पाणी जाळी न लावता सोडलं. त्यात आणखी तीन-चार कपच्या बाहेर आल्या. त्या जाळीमागं राहिल्या असत्या तर आठवड्यात पुन्हा तेच झालं असतं.

तीन फरक लक्षात ठेवा. "टक" ऐकू आलाच नाही तर कॉइल किंवा तिची वायर तपासा. "टक" आला आणि पाणी कुठंच नाही, तर भोक बुजलंय. पाणी कपाऐवजी ट्रेच्या नळीतून धो धो जातंय, तर ट्रेकडचं तोंड क्षारामुळे मिटत नाहीये.

स्वस्त थर्मोब्लॉक मशीनमध्ये बऱ्याचदा सोलेनॉइड नसतोच. त्याऐवजी जाळीमागं स्प्रिंग आणि रबराचा एक छोटा व्हॉल्व असतो. तो स्क्रूड्रायव्हरनं निघतो आणि बहुधा तोच चिकटलेला असतो.

९. क्षार काढले आणि त्यानंतरच मशीन बंद पडलं. ॲसिडनं बिघडवलं का?

ॲसिडनं धातू खाल्ला असं सहसा नसतं. वर्षानुवर्षं बॉयलरच्या भिंतीला धरून बसलेला थर विरघळण्याआधी पापुद्र्यांसारखा सुटतो आणि ते पापुद्रे पाण्याबरोबर पुढं जाऊन सगळ्यात अरुंद जागी अडकतात. ती जागा म्हणजे प्रश्न ८ मधला व्हॉल्व.

म्हणून जुना थर असेल तर सौम्य द्रावण दोनदा, एकदाच कडक नको. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड लिटरभर पाण्याला २० ग्रॅम पुरे. पूर्ण विरघळू द्या, तळाशी खडा राहता कामा नये. आधी वाफेच्या नळीतून सोडा, तिची वाट मोठी असते, सुटलेला बराचसा कचरा तिथून जातो. मग जाळी काढून ग्रुपमधून थोडं. वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा थोडं सोडा. मशीन तापवून उकळतं द्रावण ठेवू नका. जास्त उष्णतेत कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तळाशी बसतं आणि ते काढणं मूळ क्षारापेक्षा अवघड. शेवटी दोन टाक्या साधं पाणी.

बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर द्रावण वीस मिनिटांपलीकडे आत ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. व्हिनेगर मी कोणालाच सांगत नाही. वास रबरात मुरतो आणि कित्येक दिवस कॉफीत येतो.

१०. पंप चालतो, पण पाणी टाकीतच परत पडतं. हे काय?

बऱ्याच मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडणारा एक स्प्रिंगवाला व्हॉल्व असतो आणि त्याची नळी टाकीत परत येते. पुढची वाट बंद झाली की सगळं पाणी त्यातून फिरतं. तेव्हा तो आपलं काम चोख करतोय, दोष पुढे आहे, प्रश्न ८ पाहा.

पण वाफेच्या नळीचा नॉब उघडा असतानाही बहुतेक पाणी टाकीतच पडत असेल, तर तो व्हॉल्व स्वतःच क्षारामुळे अर्धवट उघडा अडकलाय. उघडून साफ करता येतो. त्याचा स्क्रू किती आटे आत होता ते आधी मोजून ठेवा, कारण त्यावरच मशीनचा दाब ठरतो.

११. माझ्या मशीनला दोन बॉयलर आहेत. नॉब उघडून हवा जात नाही.

जाणार नाही. दोन बॉयलर किंवा हीट एक्स्चेंजर असलेल्या मशीनमध्ये वाफेची नळी वेगळ्या बॉयलरवर असते, ग्रुपच्या वाटेशी तिचा संबंध नसतो. तिथं पोर्टाफिल्टर काढून ग्रुपमधूनच हवा काढायची, वेळेचं गणित प्रश्न ५ मधलंच. सिरिंज इथंही चालते. आणि याच कारणानं प्रश्न ८ मधली खूण या मशीनला लागू होत नाही. वाफ येतेय यावरून पंप चांगला आहे असं म्हणता येत नाही.

१२. नाशिकचं पाणी तर गोड आहे, मग क्षार येतात कुठून?

महापालिकेचं, गंगापूर धरणातून येणारं पाणी खरंच बरं आहे. पण इमारतीच्या टाकीत उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं, आणि बोअरचं पाणी काळ्या खडकातून झिरपून येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरं दिसत असेल तर मशीनमध्येही तेच होतंय. पाणी तापलं की हे क्षार सुटून भिंतीला धरतात, म्हणून ते टाकीत न दिसता बॉयलरमध्ये साचतात.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यात मीठही आलं. थर बसवणारा कठीणपणा किती, हे तो वेगळं सांगत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजायच्या पट्ट्या किंवा थेंबांचं किट घ्या. आरओच्या पाण्यानं थर बसत नाही, पण निव्वळ आरओवर कॉफी फिकी लागते आणि फार कमी क्षाराचं पाणी धातूला झिजवतं. मी आरओत थोडं साधं गाळलेलं धरणाचं पाणी मिसळतो. बोअरचं पाणी सुरू असेल त्या दोन महिन्यांत मिसळत नाही.

१३. हवा नाही, वाट मोकळी आहे, तरी पाणी नाही. पंप बदलू का?

आधी खात्री करा. प्लग काढा, मशीन उघडा, पंपाच्या तोंडाची नळी सोडवून तिथं लांब नळी लावा आणि ती बाहेर ग्लासात सोडा. झाकण परत लावल्यावरच प्लग जोडा. उघड्या मशीनमध्ये वीज चालू असताना हात घालू नका. आत २३० व्होल्ट आहेत आणि शेजारीच पाणी. हे जमणार नसेल तर माहितगार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पुढं काहीच अडथळा नसताना चांगला पंप पंधरा सेकंदांत सहज १०० मिलीच्या वर पाणी देतो. नुसता थेंब थेंब असेल तर पिस्टन क्षारानं अडकलाय किंवा तोंडाचा व्हॉल्व झिजलाय.

दुपारी नीट चालणारा पंप संध्याकाळी कमी पडत असेल तर घरातलं व्होल्टेज मोजा. व्होल्टेज उतरलं की कॉइलची ओढ कमी होते आणि पिस्टन पूर्ण मागे जात नाही.

पंप बदलायचाच ठरला तर जुन्यावरचं लेबल वाचून व्होल्टेज, वॅट आणि मॉडेल तंतोतंत जुळवा. १२० व्होल्टचा पंपही अगदी तसाच दिसतो. आणि नवा पंप बसवण्याआधी टाकीची जाळी आणि नळी धुवा. जुन्याला जे अडवलं ते अजून तिथंच असू शकतं.